दहावा कोण? क्रमवारीतली बरोबरी आणि ‘इतर’चा ढीग

‘पहिले दहा’ ही यादी आकड्यांत आयती दडलेली असते आणि आपण ती फक्त बाहेर काढतो, असा बहुतेकांचा समज असतो. पहिल्या पाच-सहा जागांपुरता तो खराही ठरतो, कारण तिथे आकड्यांमध्ये भरपूर अंतर असतं. खरी गंमत दहाव्या जागेपाशी असते. तिथे आकडे एकमेकांना खेटून उभे असतात, बऱ्याचदा अगदी सारखेच असतात, आणि रेघ नेमकी त्यांच्यामधूनच मारायची असते. रेघेखाली जे उरतं त्याला आपण ‘इतर’ म्हणून मोकळे होतो. या लेखात तेवढ्याच भागाबद्दल बोलायचं आहे: ती रेघ कशी मारावी, आणि तिच्याखालच्या ढिगाचं काय करावं.

उदाहरण म्हणून एक काल्पनिक नगरपालिका घेऊ. एका महिन्यात तिच्याकडे 1,500 तक्रारी आल्या. तक्रारींचे प्रकार 23 आहेत. मुख्याधिकाऱ्यांना एका पानावर ‘सर्वाधिक तक्रारींचे दहा प्रकार आणि इतर’ हवं आहे. मोजणी अशी निघाली:

| तक्रारीचा प्रकार | संख्या |
|---|---|
| कचरा उचलला नाही | 262 |
| रस्त्यावरचे खड्डे | 231 |
| पथदिवे बंद | 187 |
| कमी दाबाने पाणी | 154 |
| तुंबलेली गटारं | 118 |
| मोकाट कुत्री | 96 |
| डास, फवारणी | 73 |
| अनधिकृत बांधकाम | 58 |
| सार्वजनिक शौचालयं | 47 |
| झाडांच्या फांद्या | 41 |
| दूषित पाणी | 41 |
| फुटलेली जलवाहिनी | 41 |
| अतिक्रमण | 39 |
| आणखी दहा प्रकार मिळून | 112 |

नऊ जागांबद्दल वाद नाही. दहाव्या जागेवर मात्र तिघांचा हक्क आहे आणि जागा एक आहे.

तिघांपैकी एक का?

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा मार्ग म्हणजे उतरत्या क्रमाने लावायचं आणि वरच्या दहा ओळी घ्यायच्या. मग तिघांपैकी जो वर आला तो यादीत, उरलेले दोघे ‘इतर’मध्ये. पण वर कोण आला, आणि का? एक्सेलमध्ये केलं असेल, तर मूळ शीटमध्ये जो आधी होता तो. म्हणजे ज्या क्रमाने कारकुनाने प्रकार भरले त्या क्रमाने. डेटाबेसमधून काढलं असेल, तर तेवढंही सांगता येत नाही. `ORDER BY n DESC LIMIT 10` असं लिहिलं, तर समान आकडा असलेल्या ओळी कोणत्याही क्रमाने द्यायला डेटाबेस मोकळा असतो. मायएसक्यूएलच्या अधिकृत माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आज एका क्रमाने येतील, उद्या नवा इंडेक्स टाकला किंवा टेबल मोठं झालं म्हणून डेटाबेसने वेगळी वाट धरली की दुसऱ्या क्रमाने येतील. आकडा एकही बदललेला नसतो, तरी सकाळच्या अहवालात ‘दूषित पाणी’ असतं आणि दुपारच्या प्रतीत ‘झाडांच्या फांद्या’. मग बैठकीत दोन माणसं दोन कागद घेऊन बसतात आणि दोघांचंही बरोबर असतं.

इथे दोन वेगवेगळे दोष आहेत आणि ते एकत्र मोजायचे नाहीत. एक अस्थिरतेचा: तोच डेटा, वेगळी यादी. दुसरा अन्यायाचा: 41 तक्रारी असलेला एक प्रकार दिसतो आणि 41 तक्रारी असलेले दोन प्रकार दिसत नाहीत. पहिला दोष काढून टाकणं सोपं आहे. समान आकडा असेल तर प्रकाराच्या नावाने अकारविल्हे लावा, की यादी कायम एकसारखी येईल. पण दुसरा दोष त्याने जात नाही, उलट पक्का होतो. आता दर वेळी बरोबरी झाली की ‘झाडांच्या फांद्या’ जिंकणार आणि ‘फुटलेली जलवाहिनी’ हरणार, ते केवळ झ हा फच्या आधी येतो म्हणून. कायमचा ठरलेला अन्याय हा अन्यायच राहतो. त्याच्याकडे बोट दाखवणं तेवढं सोपं होतं.

अकारविल्ह्याची आणखी एक खोच आहे. आपण वर्णमाला म्हणताना क्ष आणि ज्ञ शेवटी घेतो, पण संगणकात ती क आणि ज यांची जोडाक्षरं असतात. सर्व्हरला मराठीचे वर्णक्रमाचे नियम सांगितलेले असतील तर क्रम एक, नसतील तर दुसरा. त्यामुळे नावाऐवजी विभागाने प्रत्येक प्रकाराला दिलेला सांकेतिक क्रमांक वापरणं जास्त भरवशाचं. आणि तोही फक्त सारखे आकडे वर-खाली कसे छापायचे हे ठरवण्यासाठी वापरावा. यादीत कोण असणार, हे ठरवण्यासाठी नव्हे.

चिठ्ठी काढायची तर एकदाच

काही ठिकाणी जागा खरोखर एकच असते आणि बरोबरी फोडावीच लागते. फेब्रुवारी 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग 220 मध्ये दोन उमेदवारांना प्रत्येकी 5,946 मतं पडली. नगरसेवक एकच निवडायचा होता, म्हणून चिठ्ठी काढली गेली आणि निकाल लागला. चिठ्ठी न्याय्य का वाटते? एक तर तिच्यात आडनावाच्या पहिल्या अक्षराला भाव नसतो. दुसरं म्हणजे ती सगळ्यांसमोर, एकदाच निघते आणि तिची नोंद होते.

अहवाल बनवणारे लोक यातला पहिला भाग उचलतात आणि दुसरा विसरतात. बरोबरी फोडायला ते `RANDOM()` लावतात. पान उघडलं की नवी चिठ्ठी, पुन्हा उघडलं की आणखी नवी. यादृच्छिक क्रम हवाच असेल, तर प्रत्येक प्रकाराला महिन्याच्या सुरुवातीला एक चिठ्ठी-क्रमांक देऊन तो साठवून ठेवावा आणि महिनाभर तोच वापरावा. पुढच्या महिन्यात नवा क्रमांक द्यावा, म्हणजे दर वेळी एकाचंच नशीब फळफळणार नाही.

पण आपल्या नगरपालिकेत जागा खरंच एकच आहे का? पान थोडं लांबलं तर कुणाचं बिघडत नाही. म्हणून माझं मत असं, की यादी बनवताना बरोबरी फोडूच नये. सारखा आकडा तर सारखी वागणूक: तिघेही आत, नाहीतर तिघेही बाहेर. शीर्षकात ‘दहा’ असताना खाली बारा ओळी आल्या, तर एक टीप द्यावी. वाचणारा ती समजून घेतो. आपला प्रकार गायब का झाला हे मात्र तो समजून घेत नाही.

यासाठी सोय आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये 2020 साली आलेल्या 13 व्या आवृत्तीपासून `FETCH FIRST 10 ROWS WITH TIES` लिहिता येतं. दहाव्या ओळीशी बरोबरी करणाऱ्या सगळ्या ओळी मग सोबत येतात. गूगल शीट्समधल्या `SORTN` फंक्शनला तिसरा घटक 1 दिला की तेच होतं. एक्सेलच्या पिव्हट टेबलमधला ‘टॉप 10’ फिल्टर मुळातच बरोबरीवाल्यांना आत घेतो. तिथे अकरा-बारा ओळी दिसल्या की लोकांना वाटतं काहीतरी बिघडलंय, पण बिघडलेलं काही नसतं.

क्रमांक कसे छापायचे, हा वेगळा प्रश्न. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीत कतारचा बार्शिम आणि इटलीचा ताम्बेरी यांनी सुवर्णपदक वाटून घेतलं. रौप्य कुणालाच मिळालं नाही, आणि पुढच्या खेळाडूला कांस्य मिळालं. म्हणजे 1, 1, 3. डेटाबेसमधलं `RANK()` हेच करतं. `DENSE_RANK()` त्याच जागी 1, 1, 2 देतं, आणि `ROW_NUMBER()` बरोबरी मानतच नाही, 1, 2, 3 असं मोजत सुटतं. पहिल्या दहांच्या यादीला `RANK()` योग्य, कारण ‘तुझ्यापेक्षा जास्त तक्रारी असलेले प्रकार दहापेक्षा कमी आहेत का’ एवढाच प्रश्न ते विचारतं. `DENSE_RANK()` घेतलं आणि वरच्या जागांवर तीन-चार बरोबऱ्या असल्या, तर दहा वेगवेगळे आकडे पुरे होईपर्यंत यादी पंधरा-वीस ओळींपर्यंत जाऊ शकते.

बरोबरी सामावून घेण्यालाही मर्यादा हवी. दहाव्या जागेवर तीन असतील तर ठीक, पण नऊ असतील तर? अशा वेळी नियम उलटा फिरवावा: यादी पंधराच्या पुढे जाणार असेल, तर बरोबरीचा तो अख्खा गट बाहेर ठेवायचा आणि नऊच दाखवायचे. पंधरा हा आकडा पवित्र नाही, पानात मावेल तो घ्यावा. मात्र तो आकडे बघण्याआधी ठरलेला असावा. ‘दूषित पाणी’ यादीत येतंय हे दिसल्यावर कुणीतरी ‘आपण नऊच दाखवू या’ म्हणालं, तर तो नियम राहत नाही, सोय होते.

बरोबरी खरी की भासमान

काही बरोबऱ्या आपणच तयार करतो. आपल्या तक्त्यात 47, 41 आणि 39 हे आकडे 1,500 च्या टक्केवारीत 3.1, 2.7 आणि 2.6 होतात. पूर्णांकात आणले की तिन्ही 3 टक्के. ज्याने टक्केवारीच्या रकान्यावरून क्रमवारी लावली, त्याच्याकडे नवव्या जागेवर एकदम पाच जणांची बरोबरी होते. क्रमवारी नेहमी मूळ आकड्यांवर लावावी आणि पूर्णांक नंतर करावेत.

उलटही घडतं. तक्रार सोडवायला लागलेल्या सरासरी दिवसांवर क्रमवारी असेल, तर दोन प्रकारांची सरासरी कागदावर हुबेहूब सारखी असूनही संगणकात दशांशाच्या सोळाव्या-सतराव्या घरात फरक पडू शकतो. संगणक 0.1 आणि 0.2 यांची बेरीज बरोबर 0.3 मानत नाही, तोच हा प्रकार. मग त्या नगण्य शेपटीवर कुणीतरी वर जातो आणि कुणीतरी खाली येतो. अशा मोजमापात किती दशांशांपर्यंत फरक खरा मानायचा हे ठरवावं, दोन म्हणा, आणि तिथवरच तुलना करावी.

मग 41 आणि 39 मधल्या फरकाचं काय? तक्रारींसारख्या मोजणीत आकडा योगायोगाने किती हलू शकतो, याचा ढोबळ अंदाज त्याच्या वर्गमुळावरून येतो. 41 चं वर्गमूळ साधारण साडेसहा. म्हणजे परिस्थिती जराही न बदलता पुढच्या महिन्यात हाच आकडा 35 किंवा 47 येऊ शकतो. ‘अतिक्रमण’ यादीबाहेर राहिलं ते दोन तक्रारींनी, आणि त्या दोन तक्रारींना काही अर्थ नाही. पण म्हणून जवळजवळ सारख्यांनाही सारखं मानायचं ठरवलं, तर 41 सोबत 39 येतो, 39 सोबत 37 आणि 37 सोबत 35, आणि साखळी कुठे तोडायची ते कळत नाही. एका महिन्याच्या यादीपुरती रेघ आकड्यावरच मारावी, आणि टीपेत लिहावं की तेरावा प्रकार दोनच तक्रारींनी मागे आहे.

‘इतर’चा ढीग

आता रेघेखाली बघू. तिघांपैकी एकाला घेऊन दहाच ओळी दाखवल्या, तर ‘इतर’मध्ये 233 तक्रारी जमतात. म्हणजे खड्ड्यांपेक्षा जास्त, दुसरा क्रमांक. तिघांना बाहेर ठेवून नऊ दाखवल्या, तर ‘इतर’ 274 होतं आणि कचऱ्यालाही मागे टाकून पहिलं येतं. बारा दाखवल्या, तर 151 उरतं आणि ‘इतर’ पाचव्या जागी जातं. डेटा एकच आहे, फक्त रेघ दोन-तीन ओळी सरकली आहे.

यावरून एक गोष्ट उघड होते: ‘इतर’ला क्रमांक असूच नये. तो प्रकार नाही, उरलेल्यांची बेरीज आहे, आणि बेरजेची तुलना सुट्ट्या प्रकारांशी होत नाही. आकड्याने कितीही मोठं असलं तरी ‘इतर’ कायम तळाला, जमल्यास करड्या रंगात आणि सोबत किती प्रकार मिळून ते सांगत: ‘उरलेले 11 प्रकार मिळून 151, त्यातला सगळ्यात मोठा 39’. हा शेवटचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याने वाचणाऱ्याला कळतं की ढिगात मोठं काही लपवलेलं नाही.

आणि एकूण बेरीज जुळलीच पाहिजे. बारा ओळींची बेरीज 1,349, त्यात 151, झाले 1,500. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, पण अहवाल बनवताना होणाऱ्या बहुतेक चुका तीच पकडते. विशेषतः एक चूक: यादी बरोबरीसकट बारा ओळींची आणि ‘इतर’ मात्र ‘अकराव्या ओळीपासून पुढे’ मोजलेलं. मग अकरावी आणि बारावी ओळ दोनदा मोजली जाते आणि बेरीज 82 ने जास्त येते. यादी आणि ‘इतर’ यांची विभागणी एकाच नियमाने, एकाच ठिकाणी व्हायला हवी:

```sql
WITH t AS (
  SELECT prakar, COUNT(*) AS n
  FROM takrari GROUP BY prakar
), r AS (
  SELECT prakar, n,
         RANK() OVER (ORDER BY n DESC) AS kram
  FROM t
)
SELECT CASE WHEN kram <= 10 THEN prakar
            ELSE 'उरलेले' END AS gat,
       SUM(n) AS ekun
FROM r
GROUP BY (kram > 10), gat
ORDER BY (kram > 10), ekun DESC, gat;
```

शेवटच्या ओळीतला `kram > 10` ढिगाला तळाशी ठेवतो, मग मोठ्याकडून छोट्याकडे क्रम लागतो, आणि `gat` फक्त सारखे आकडे कायम एकाच क्रमाने छापले जावेत म्हणून आहे.

ढिगाला ‘इतर’ऐवजी ‘उरलेले’ म्हटलंय, तेही मुद्दाम. तक्रारीच्या अर्जात बहुधा ‘इतर’ असा पर्याय आधीच असतो. ज्या नागरिकाला आपली तक्रार कुठे बसते हे कळलं नाही, तो तिथे टिचकी मारतो. हे ‘इतर’ आणि आपण बेरीज करून बनवलेलं ‘इतर’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन्हींना एकच नाव दिलं की ते गुपचूप एकमेकांत मिसळतात. अर्जातलं ‘इतर’ वाढत असेल, तर अर्जातले पर्याय अपुरे आहेत. बेरजेचं ‘इतर’ वाढत असेल, तर तक्रारी जास्त प्रकारांत पसरत चालल्या आहेत. दोन्हींवर करायचे उपाय वेगळे आहेत.

ढीग कसा पाडला, यावर दहावा ठरतो

प्रकारांची विभागणी कुणीतरी केलेली असते आणि क्रमवारी तिच्यावर उभी असते. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या जनगणनेत आहे. 2011 च्या जनगणनेत लोकांनी आपली मातृभाषा म्हणून सांगितलेली नावं 19,569 होती. छाननी करून त्यांतल्या 1,369 मातृभाषा ओळखल्या गेल्या. आणखी 1,474 नावं कुठेच बसेनात, ती ‘इतर’मध्ये गेली. देशभरात 10,000 पेक्षा कमी बोलणारे असलेल्या मातृभाषाही वेगळ्या छापल्या गेल्या नाहीत. उरलेल्यांचे गट करून 121 भाषांचा तक्ता झाला.

त्या तक्त्यात मराठी 8,30,26,680 लोकांसह तिसरी आहे. 2001 मध्ये तेलुगू तिसरी आणि मराठी चौथी होती. दहावी जागा मल्याळमची, 3,48,38,819, आणि अकरावी पंजाबी, 3,31,24,726. आता हिंदीकडे बघा. हिंदीचे 52 कोटी 83 लाख हा एका मातृभाषेचा आकडा नाही, अनेक मातृभाषांच्या गटाचा आहे. त्यात भोजपुरी म्हणून नोंदवलेले 5,05,79,447 लोक आहेत. भोजपुरी वेगळी काढली, तर ती उर्दूच्या (5,07,72,631) किंचित मागे आठवी येते. कन्नड नववी, उडिया दहावी, आणि मल्याळम यादीबाहेर. हिंदी तरीही पहिलीच राहते, तिच्या जागेला धक्का लागत नाही. वरच्या गटाची फोड झाली आणि फटका बसला तो दहाव्याला. भोजपुरी वेगळी मोजावी की नाही, हा वाद इथे घालायचा नाही. एवढंच, की त्या वादाच्या निकालावर मल्याळमचा ‘पहिल्या दहांत’ असण्याचा मान अवलंबून आहे.

असं एकदा प्रत्यक्ष घडलंही. मैथिली पूर्वी हिंदीच्या गटात मोजली जायची. 2003 च्या 92 व्या घटनादुरुस्तीने ती आठव्या अनुसूचीत आली आणि 2001 च्या भाषांच्या तक्त्यात वेगळी छापली गेली. 1991 आणि 2001 मधले हिंदीचे आकडे शेजारी ठेवणाऱ्याने हे लक्षात घेतलं नाही, तर हिंदीची वाढ आहे त्यापेक्षा मंद दिसेल.

आपल्या नगरपालिकेतही हेच आहे. ‘दूषित पाणी’, ‘कमी दाबाने पाणी’ आणि ‘फुटलेली जलवाहिनी’ यांचा ‘पाणीपुरवठा’ असा एकच प्रकार केला, तर 236 तक्रारींसह तो खड्ड्यांना मागे टाकून दुसरा येतो. कुठल्या खात्याला आपलं नाव वर यायला नको असेल, तर प्रकार बारीक फोडणं हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. त्यामुळे प्रकार कधी फोडले, कधी जोडले याची तारीख अहवालात हवी.

महिन्यामागून महिने

एका महिन्याची यादी नीट झाली तरी बारा महिन्यांचा आलेख काढताना नवी अडचण येते. दर महिन्याला वेगळे दहा निवडले, तर रेघेजवळचे प्रकार कधी दिसतात, कधी ‘इतर’मध्ये जातात. ‘दूषित पाणी’ची रेषा मार्चमध्ये तुटते आणि मे महिन्यात पुन्हा उगवते. वाचणाऱ्याला वाटतं, एप्रिलमध्ये तक्रारीच नव्हत्या. शिवाय ‘इतर’मध्ये दर महिन्याला वेगळे प्रकार असतात, तेव्हा त्याची चढउतार वाचण्यात अर्थच नसतो.

संपलेल्या वर्षाचा आलेख असेल तर उपाय साधा आहे: अख्ख्या वर्षाच्या बेरजेवरून दहा निवडायचे आणि तेच दहा बाराही महिने दाखवायचे. चालू अहवालात ते जमत नाही, कारण वर्ष संपलेलं नसतं. तिथे आत येण्याची आणि बाहेर जाण्याची रेघ वेगळी ठेवतात. पहिल्या दहांत आला तर आत, पण बाहेर जायचा तो बाराच्या खाली घसरला तरच. 41 आणि 39 मधली दर महिन्याची लपाछपी त्याने बऱ्यापैकी थांबते. याची किंमतही आहे: एखाद्या महिन्यात बारावा प्रकार दिसेल आणि अकरावा दिसणार नाही. आलेखात हे चालतं. ‘या महिन्याचे पहिले दहा’ असं शीर्षक असलेल्या यादीत चालत नाही, तिथे त्याच महिन्याचे आकडे बोलले पाहिजेत.

प्रभागांनी आपापले दहा पाठवले तर

शेवटची खोच सगळ्यात फसवी. समजा मोठं शहर आहे, चार प्रभाग कार्यालयं आहेत, आणि प्रत्येकाने मुख्यालयाला आपले पहिले दहाच पाठवले. मुख्यालयाने त्यांची बेरीज केली. प्रभागांतल्या दहाव्या जागेचे आकडे 31, 33, 30 आणि 35 होते. ‘दूषित पाणी’ चारही ठिकाणी अकरावं होतं: 30, 32, 29, 34. शहरात एकूण 125 तक्रारी, आणि मुख्यालयाच्या कागदावर शून्य. आणि त्या कागदावर 98 तक्रारींचा एक प्रकार दिमाखात दहावा बसलेला.

खरा उपाय एकच, प्रभागांनी सगळे प्रकार पाठवावेत. ते शक्य नसेल, तर निदान चूक किती मोठी असू शकते हे मोजता येतं. जो प्रकार एखाद्या प्रभागाच्या यादीत नाही, त्याचा आकडा त्या प्रभागाच्या दहाव्या आकड्यापेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणून कुठेच न दिसलेल्या प्रकाराच्या शहरभर जास्तीत जास्त 31 + 33 + 30 + 35, म्हणजे 129 तक्रारी असू शकतात. मुख्यालयाचा दहावा आकडा 129 च्या वर असता, तर अशा न दिसलेल्यांपैकी कुणी त्याला मागे टाकू शकलं नसतं. तो 98 आहे, म्हणजे यादीवर विसंबता येत नाही. एखाद-दोन प्रभागांतच दिसलेल्या प्रकारांसाठीही हाच हिशेब: दिसलेल्या आकड्यांत न दिसलेल्या प्रभागांचे दहावे आकडे मिळवायचे आणि बेरीज दहाव्याच्या वर जाते का ते पाहायचं.

इलॅस्टिकसर्चसारखी यंत्रणा डेटा अनेक तुकड्यांत ठेवते आणि आतल्या आत हेच करते. म्हणून प्रत्येक तुकड्याकडून ती दहापेक्षा जास्त नावं मागवते, आणि उत्तरासोबत `doc_count_error_upper_bound` आणि `sum_other_doc_count` असे दोन आकडे देते. पहिला म्हणजे वरच्यासारखीच, चूक जास्तीत जास्त किती असू शकते ती मर्यादा, दुसरा म्हणजे यादीत न आलेल्यांची बेरीज. बहुतेक डॅशबोर्ड हे दोन्ही आकडे टाकून देतात. पहिला शून्य नसेल, तर यादीखाली ‘आकडे अंदाजे’ असं छापायला हवं.

आणि काही वेळा यादी बनवूच नये. 23 पैकी पंधरा-सोळा प्रकार 60 ते 70 च्या दरम्यान असतील, तर तिथे पहिले दहा नसतातच. कुठलाही नियम लावला तरी तो योगायोगाच्या फरकावरच रेघ मारणार. अशा वेळी सगळे 23 प्रकार छापावेत, पान दोन झालं तरी.